फोनवर मथळ्यातलं ‘नाही’ कापलं जातं, काय करावं?

दिवेलागण · रात्री ११:४०

नागपुरातल्या एका छोट्या बातम्यांच्या पोर्टलवर मी रात्रपाळीला असते. डेस्कवर चार माणसं, त्यातली दोन कायम सुट्टीवर. परवाचा प्रकार सांगते, शांतपणे वाचा आणि मग शिव्या घाला.

सोमवारी आम्ही बातमी दिली होती की जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी सक्करदरा आणि मानेवाडा भागात बुधवारी पाणी येणार नाही. मंगळवारी संध्याकाळी कळलं की दुरुस्ती पुढे ढकलली, पाणी रोजच्यासारखं येणार. मी घाईघाईत नवी बातमी चढवली. मथळा असा:

नागपूर : जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामामुळे सक्करदरा आणि मानेवाडा परिसरातील पाणीपुरवठा बुधवारी बंद राहणार नाही

आमच्या सिस्टीममध्ये मथळ्याच्या खाली आकडा दिसतो. ११० पर्यंत हिरवा, पुढे लाल. हा बरोबर ११० ला बसला आणि मी खूश. रात्री दहाला एका वाचकाने स्क्रीनशॉट पाठवला. गुगलमध्ये फोनवर आमची बातमी अशी दिसत होती:

नागपूर : जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामामुळे सक्करदरा आणि मानेवाडा परिसरातील पाणीपुरवठा बुधवारी बंद…

म्हणजे बातमी नेमकी उलटी. आकडा हिरवा असताना हे झालं कसं, आणि मर्यादा नक्की किती धरायची?

बेसा_बायपास · रात्री ११:५२

म्हणजे ते तुम्ही होता का ताई! आमच्या आईनं हे वाचून घरातली कळशी, बादली, कुकर, सगळं भरून ठेवलं. बाथरूममध्ये पाय ठेवाले जागा नाही. सकाळी नळाला पाणी आलं तर म्हणते, "काहून येऊन राहिलं बाप्पा आता?" बातमी उघडून कोणीच पाहिली नाही. मथळा वाचला, ड्रम भरला.

बंडू_रँकिंगवाला · रात्री १२:०५

११० कोणी सांगितलं तुम्हाला? नियम ६० अक्षरांचा आहे. मी आठ वर्षं हेच काम करतो. ६० च्या आत ठेवा, कापलंच जाणार नाही. आणि शहराचं नाव पहिलं ठेवलंत ते बरोबर केलंत, ते हलवू नका.

जुनी_गॅली · सकाळी ६:१०

मी छापील पेपरात बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त. तीन कॉलमी मथळ्यात एवढा मजकूर बसणारच नाही. टाइप दोन पॉइंटने कमी करा, नाहीतर चार कॉलम घ्या. आमचा कंपोझिटर वरच्या मजल्यावरून ओरडायचा, "साहेब, अडीच अक्षरं जास्त होतात!" मग आम्ही ‘परिसरातील’चं ‘भागात’ करायचो. कापायची परवानगी त्याला नव्हती. न बसणारा मथळा परत यायचा.

दिवेलागण · सकाळी ९:३०

काका, हा छापील मथळा नाही. फोनवर गुगलमध्ये शोधल्यावर जी निळी ओळ दिसते तिच्याबद्दल बोलतेय. इथे कंपोझिटर ओरडत नाही, परस्पर कापून मोकळा होतो.

जुनी_गॅली · सकाळी ९:४४

असं होय. मग तर जास्तच वाईट. पण एक सांगतो, तुमचा मथळा न कापताही लंगडा आहे. ‘दुरुस्तीच्या कामामुळे … बंद राहणार नाही.’ ‘मुळे’ लिहिलं की वाचणारा परिणामाची वाट बघतो, आणि तुम्ही शेवटी परिणामच नाकारता. दुरुस्ती होणार आहे की नाही, हे या वाक्यातून कळतच नाही. खरी बातमी ‘दुरुस्ती पुढे ढकलली’ ही आहे आणि तीच मथळ्यात नाही.

कोड_खोडकर · सकाळी १०:२०

काकांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. मी आधी आकड्याचं सांगतो.

गुगल अक्षरं मोजून कापत नाही. त्यांच्या स्वतःच्या मार्गदर्शनात लिहिलंय की पानाच्या कोडमधला मथळा म्हणजे `<title>` किती लांब असावा याला मर्यादा नाही, दाखवताना मात्र तो गरजेप्रमाणे, साधारणपणे उपकरणाच्या रुंदीत बसेल असा कापला जातो. बंडूभाऊंचे ६० आले ते इंग्रजी मथळे आणि संगणकाचा रुंद पडदा यांच्या अंदाजातून. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे साधारण एक घर, म्हणून तिथे तो अंदाज चालून जातो. मराठीत नाही चालत.

‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: वि, द्या, र्थ्यां, ना. संगणक मोजतो १५, कारण व वेगळा, वेलांटी वेगळी, द वेगळा, त्याचा पाय मोडणारं चिन्ह वेगळं, काना वेगळा, अनुस्वार वेगळा. यातला उकार, मात्रा आणि अनुस्वार वर-खाली बसतात, आडवी जागा जवळपास घेत नाहीत. काना आणि वेलांटी घेतात. म्हणजे मोजणीतला आकडा आणि पडद्यावरची लांबी यांचं नातं प्रत्येक शब्दागणिक बदलतं.

तुमचा मथळा मी मोजून बघितला. संगणकाच्या हिशेबाने ११०, हे खरं. डोळ्यांनी मोजला तर जागा धरून ६७. आणि ‘बंद’पर्यंतचा जो भाग फोनवर दिसला तो संगणकाच्या हिशेबाने ९८, डोळ्यांनी ५९. दोन ओळींत त्या फोनवर तेवढं मावलं. उरलं ‘राहणार नाही’.

बंडू_रँकिंगवाला · सकाळी १०:४१

बघा, ५९! म्हणजे माझे ६० बरोबरच निघाले की.

कोड_खोडकर · सकाळी १०:५५

तुमचे ६० तुम्ही कशाने मोजता? फुकटच्या वेबसाइटवर मथळा चिकटवता ना? ती संगणकाच्या हिशेबाने मोजते. त्या हिशेबाने ६० म्हणजे हा मथळा ‘मानेवाडा’च्या शेवटच्या अक्षरापर्यंतसुद्धा पोचत नाही. त्या मापाने मराठी लिहायला बसलात तर बरीच जागा वाया घालवाल. योगायोगाने या एका फोनवर डोळ्यांची मोजणी ५९ आली, एवढंच. रुंद फोनवर ती ६५ होईल, आणि ज्यांनी अक्षर मोठं करून ठेवलंय त्यांच्याकडे ४५.

बेसा_बायपास · सकाळी ११:०२

आईच्या फोनमधलं अक्षर एवढं मोठं आहे का सांगू, एका पडद्यावर दोनच बातम्या मावतात.

दिवेलागण · सकाळी ११:१५

पण मग आमच्या सिस्टीमला ११० हा आकडा सुचला कुठून?

कोड_खोडकर · सकाळी ११:३०

माझा अंदाज सांगतो. बातमीच्या पानात यंत्रांना वाचण्यासाठी वेगळी माहिती भरलेली असते, त्यात `headline` नावाचा रकाना असतो. त्याच्यासाठी गुगलच्या सूचनांमध्ये पूर्वी ११० ची मर्यादा होती. पुढे त्यांनी ती काढून टाकली. आता फक्त एवढंच म्हणतात की मथळा आटोपशीर ठेवा, लांब मथळे काही उपकरणांवर कापले जाऊ शकतात. ज्याने तुमची सिस्टीम बांधली त्याने तो आकडा उचलला आणि हिरवा-लाल रंग लावून टाकला. ११० च्या आत म्हणजे फोनवर पूर्ण दिसेल, असं त्या सूचनेत कधीच नव्हतं.

तुमच्या टेक्निकल माणसाला सांगा, आकडा काढ आणि त्याच्या जागी लिहिता लिहिता दिसणारी एक चौकट बसव. एवढंच लागतं:

```css
.phone-title {
  width: 328px;
  font: 20px/26px "Noto Sans Devanagari";
  display: -webkit-box;
  -webkit-box-orient: vertical;
  -webkit-line-clamp: 2;
  overflow: hidden;
}
```

३६० रुंदीचा साधा अँड्रॉइड फोन धरला, दोन्ही कडांना १६-१६ सोडले, उरले ३२८. तिसरी ओळ सुरू होण्याआधी मथळा तीन टिंबांवर थांबतो. ही गुगलची हुबेहूब नक्कल नाही. त्यांची मांडणी बदलत असते, आयफोनवर देवनागरीचा फॉन्टही वेगळा असतो. खाली तशीच दुसरी चौकट २४ च्या अक्षराची ठेवा, ती बेसाभाऊंच्या आईसाठी.

जुनी_गॅली · दुपारी १२:२०

चौकट लावा, पण चौकटीत बसवणं हा उपाय नव्हे. आज मावेल, उद्या दुसऱ्याच्या फोनवर नाही मावणार. मुळात मराठी वाक्याचा जीव शेपटीत असतो. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, आपल्याकडे सगळ्यात शेवटी. ‘पाणी बंद राहणार’ हे वाक्य पूर्ण आहे, व्याकरणाने शुद्ध आहे, आणि त्याला ‘नाही’ जोडलं की उलटं होतं. कात्री नेमकी तिथेच लागते.

म्हणून ज्या मथळ्याचा शेवट ‘नाही’ने होतो तो मला दाखवा, मी तो नकाराशिवाय लिहून देतो. पाणी बंद राहणार नाही म्हणजे पाणी येणार. दरवाढ होणार नाही म्हणजे दर कायम. परीक्षा पुढे ढकलणार नाही म्हणजे परीक्षा ठरल्या दिवशीच. मागणी मान्य केली नाही म्हणजे मागणी फेटाळली. होकारार्थी क्रियापद शोधलं की वाक्यही आखूड होतं.

दिवेलागण · दुपारी १:०५

मग हे कसं वाटतं?

पाणीपुरवठा बंद राहणार नाही : सक्करदरा, मानेवाड्यातील दुरुस्ती पुढे ढकलली

जुनी_गॅली · दुपारी १:१८

आधीपेक्षा पुष्कळ बरा, ‘नाही’ आता सुरक्षित आहे. पण फोन अंगठ्याने सरकवणारा माणूस ‘पाणीपुरवठा बंद’ एवढं टिपून पुढे जातो. शिवाय कुठलं पाणी, कधी, हे उजवीकडे गेलं आणि ‘बुधवारी’ तर गळूनच पडलं. ज्याच्या घरी नळ आहे त्याला तीन गोष्टी हव्यात: माझ्या भागात का, कोणत्या दिवशी, येणार की नाही. त्या आधी द्या. कारण नंतर आलं तरी चालेल, कापलं गेलं तरी चालेल.

दिवेलागण · दुपारी १:४०

सक्करदरा, मानेवाड्यात बुधवारी पाणी येणार, जलवाहिनीची दुरुस्ती पुढे ढकलली

कोड_खोडकर · दुपारी १:५२

हा छान. संगणकाच्या हिशेबाने पूर्ण ७२, ‘येणार’पर्यंत फक्त ४०. डोळ्यांनी ‘येणार’पर्यंत २४, म्हणजे बहुतेक फोनवर पहिल्याच ओळीत संपतो. ‘येणार’नंतर कुठेही कापलं तरी बघा काय उरतं:

…बुधवारी पाणी येणार, जलवाहिनीची…
…बुधवारी पाणी येणार, जलवाहिनीची दुरुस्ती…

दुसऱ्यात थोडी शंका राहते, दुरुस्ती झाली की व्हायची आहे. पण पाणी येणार हे कुठेच उलटत नाही. मथळा तपासायची माझी पद्धत हीच आहे: शेवटाकडून एकेक शब्द बोटाने झाकत यायचं आणि प्रत्येक वेळी उरलेलं वाचायचं. अर्धवट वाटलं तर चालतं, खोटं झालं तर नाही चालत. तुमच्या मूळ मथळ्यात पहिलाच शब्द झाकला आणि तो खोटा झाला.

बंडू_रँकिंगवाला · दुपारी २:३०

सगळं ठीक आहे, पण तुम्ही ‘नागपूर’ उडवलंत! लोक ‘नागपूर पाणी’ असं शोधतात. मथळ्यात शहराचं नाव नसेल तर बातमी दिसणारच नाही, मग कापली गेली काय आणि न गेली काय.

कोड_खोडकर · दुपारी २:४५

‘दिसणारच नाही’ असं नसतं. पानात, पत्त्यात, बातमीच्या पहिल्या ओळीत नागपूर आहेच, आणि गुगल फक्त मथळा वाचत नाही. पण मथळ्यात नाव असण्याचा उपयोगच नाही, असंही मी म्हणणार नाही. जागेचा हिशेब तेवढा बघा. ‘नागपूर : ’ने संगणकाच्या हिशेबाने ९ खाल्ले, आणि ते सगळ्यात महागाच्या जागेवर. सक्करदरा कुठे आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला ही बातमी नकोच आहे.

बेसा_बायपास · दुपारी ३:००

आमच्या घरी कोणी मराठीत टाइपच करत नाही. आई माइकवर बोलते, भाऊ इंग्रजी अक्षरांत ‘nagpur pani’ लिहितो. तुम्ही आगे लिहा का मागे लिहा.

बंडू_रँकिंगवाला · दुपारी ३:१०

मी तर शहराचं नाव आधीच ठेवणार. ‘नागपूर : सक्करदऱ्यात बुधवारी पाणी येणार’ असं लिहिलं तरी ‘येणार’ पहिल्या दीड ओळीत येतंच ना?

जुनी_गॅली · दुपारी ३:२५

येतं खरं. या एका मथळ्यापुरतं बंडूचं मान्य. पण रोज रात्री तीस बातम्या ‘नागपूर :’ने सुरू झाल्या की यादी सरकवताना सगळ्या सारख्याच दिसतात.

इतवारीतली_सून · दुपारी ४:१५

मध्येच बोलते, माझंही असंच आहे. आमचं इतवारीत मिठाईचं दुकान आहे. वेबसाइटला मथळा दिला होता, ‘अस्सल नागपुरी संत्रा बर्फी, शुद्ध संत्रा बर्फी, ताजी संत्रा बर्फी, घरगुती संत्रा बर्फी, इतवारी नागपूर’. गुगलवर मात्र दिसतं ‘आपले सहर्ष स्वागत आहे’. कापलं तर समजू शकते, पण हे भलतंच कुठून आलं? साइट ह्यांच्या भाच्याने केलीय, तो म्हणतो हॅक झाली असेल.

कोड_खोडकर · दुपारी ४:३५

हॅक नाही झाली वहिनी. पान उघडल्यावर वर सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ लिहिलंय ना? तेच ते.

शोधनिकालात तुमचाच `<title>` दाखवायचा, असं गुगलवर बंधन नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी ही पद्धत बदलली, तेव्हापासून तो फार लांब असला, एकच शब्द घोळून घोळून भरलेला असला किंवा पानाशी जुळत नसला तर ते पानावरचं मोठं शीर्षक म्हणजे `<h1>` किंवा दुसरा एखादा मजकूर उचलतात. तुमच्या मथळ्यात संत्रा बर्फी चार वेळा आहे. मोठं शीर्षक बदलून ‘संत्रा बर्फी, इतवारी’ असं काही करा, वरच्या मथळ्यातही बर्फी एकदाच ठेवा. स्वागत खाली कुठेतरी करा. तरीही गुगल तुमचंच दाखवेल याची हमी मी देत नाही, कोणीच देऊ शकत नाही.

इतवारीतली_सून · दुपारी ४:५०

भाच्याला वाचून दाखवते. ‘सहर्ष स्वागत’ सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, ते काढायचं म्हणजे घरात वेगळीच बातमी होईल.

दिवेलागण · संध्याकाळी ६:१०

यावरून एक सुचलं. आमच्या सिस्टीममध्ये पानावरचा मथळा आणि शोधासाठीचा मथळा वेगवेगळे भरता येतात, आम्ही कधी भरत नाही. मग पानावर सविस्तर मथळा आणि शोधासाठी आखूड, असं केलं तर?

कोड_खोडकर · संध्याकाळी ६:३०

करा, पण दोन्हींचं म्हणणं एकच हवं. एकात ‘पाणी येणार’ आणि दुसऱ्यात अजून ‘बंद राहणार नाही’ असं ठेवलंत, तर गुगलने कधीतरी लांबडा उचलला की पुन्हा तुमचा बुधवार होणार. लांब मथळाही असाच लिहा की शेपटी गेली तरी चालेल. आणि शेवटी ‘| पोर्टलचं नाव’ जोडत असाल तर ते काढून टाका. फोनवरच्या निकालात ऑक्टोबर २०२२ पासून साइटचं नाव मथळ्याच्या वर वेगळं दाखवतात. आत पुन्हा लिहायची गरज नाही.

जुनी_गॅली · संध्याकाळी ७:०५

‘नाही’पेक्षा धोकादायक शेपट्या आहेत, त्या कोणी बोलत नाहीये. ‘अमुक अधिकाऱ्याने निधी लाटल्याचा आरोप’. ‘आरोप’ कापा, उरतं ‘निधी लाटल्याचा…’. वाचणारा पुढचा शब्द मनात भरतो, आणि तो ‘आरोप’च भरेल असं नाही. ‘असा दावा’, ‘अशी चर्चा’, ‘अशी अफवा’, सगळे शेवटी. पाण्याच्या बातमीत फार तर कुकर भरून राहतो, इथे नोटीस येते. आरोप आधी लिहा: ‘निधी लाटल्याचा आरोप, अमुक अधिकाऱ्याची चौकशी’. आणि व्यक्तीचं नाव आरोपाच्या आधी नको. नाव दिसलं, आरोप कापला, असं कधी होऊ द्यायचं नाही.

दिवेलागण · संध्याकाळी ७:३०

काका, हे मी डेस्कच्या भिंतीवर लावतेय.

आणि प्रश्नचिन्ह? ‘बुधवारी पाणी बंद राहणार का?’ यातलं ‘का?’ गेलं की तेही विधान होतं.

जुनी_गॅली · संध्याकाळी ७:४२

प्रश्नार्थक मथळा हा उपसंपादकाने बातमी न वाचल्याचा पुरावा असतो. पाणी येणार की नाही हे शोधा आणि लिहा.

बंडू_रँकिंगवाला · संध्याकाळी ७:५०

काका, प्रश्नार्थक मथळ्याला क्लिक जास्त मिळतात.

बेसा_बायपास · संध्याकाळी ७:५५

मिळतात ना. आमच्या आईनं क्लिक नाही केलं, ड्रम भरला.

दिवेलागण · रात्री १०:२०

शेवटची अडचण. मंगळवारी रात्रीच स्क्रीनशॉट बघून मी मथळा बदलला होता. पानावर लगेच बदलला. गुगलमध्ये बुधवारी दुपारपर्यंत जुनाच दिसत होता. व्हॉट्सअ‍ॅपवर तर आजही लोकांच्या ग्रुपमध्ये जुनाच फिरतोय.

कोड_खोडकर · रात्री १०:४५

गुगल तुमचं पान पुन्हा येऊन वाचेपर्यंत जुनाच मथळा दाखवणार. साइटमालकांसाठी गुगलचं सर्च कन्सोल असतं, त्यात त्या बातमीचा पत्ता टाकून पुन्हा वाचायची विनंती करता येते, त्याने कधी कधी लवकर होतं. अमुक तासांत होईल असं मात्र नसतं. बदल पोचला का ते बघायला शोधात `site:` लिहून पुढे तुमच्या साइटचा पत्ता आणि मथळ्यातले दोन शब्द टाका, आणि हे फोनवर करा. संगणकावर वेगळीकडे कापलेलं दिसतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं विसरा. लिंक पाठवताना जो मथळा होता तो पाठवणाऱ्याच्या फोनने त्या निरोपासोबत बांधून दिला. पुढे पाठवलेल्या निरोपात तोच जात राहतो. तुम्ही पानावर काहीही बदललं तरी तिकडे बदलत नाही.

दिवेलागण · रात्री ११:१०

म्हणजे चुकीचा मथळा दहा मिनिटं जरी लागला तरी गेलाच कामातून.

आमच्या टेक्निकल माणसाला चौकटीचं सांगितलं. त्याने लावली, ११० चा आकडाही ठेवला, म्हणे मालकांना हिरवा रंग आवडतो. चौकट लावल्यावर दिसलं की पानाच्या खाली ‘हेही वाचा’मध्ये मथळे याहून वाईट कापले जातात. एक शब्द ‘विद्यार्थ्’ असा पाय मोडून थांबलाय, आणि एका ठिकाणी नुसताच ठिपक्यांचा गोल आणि त्याला काना.

कोड_खोडकर · रात्री ११:२५

ते गुगलचं पाप नाही, तुमच्याच सिस्टीमचं आहे. कोणीतरी `slice(0, 60)` आणि उरलेलं दुसरीकडे टाकायला `slice(60)` लिहिलंय. ते अक्षराच्या मध्येही कापतं, मग व्यंजन एकीकडे आणि त्याचा काना दुसरीकडे पडतो. आधार गेलेल्या कान्याला फॉन्ट तो ठिपक्यांचा गोल देतो. कापणं कोडमधून काढा आणि वरच्या चौकटीसारखं दिसण्यावर सोडा, म्हणजे पाय मोडलेले शब्द जातील. ‘नाही’ मात्र तिथेही तुम्हालाच सांभाळावं लागेल.

दिवेलागण · रात्री ११:५०

आज रात्रीची बातमी आहे, अडकलेय. मारबतीच्या मिरवणुकीसाठी महाल आणि इतवारीतले काही रस्ते सकाळपासून बंद, पण रुग्णवाहिकांना बंदी नाही. ‘नाही’ शेवटी नको, ‘रुग्णवाहिकांना बंदी’ कुठेच उरायला नको, आणि मारबत आधी हवी कारण लोक तेच शोधणार.

मारबत मिरवणूक : महाल, इतवारीत रस्ते बंद, रुग्णवाहिकांना…

इथे कापलं तर?

जुनी_गॅली · रात्री ११:५८

‘रुग्णवाहिकांना वाट मोकळी’ लिहा.

कोड_खोडकर · रात्री १२:०२

काका, ‘मोकळी’ कापलं तरी ‘रुग्णवाहिकांना…’च उरतं, आणि मागे ‘रस्ते बंद’ आहे. वाचणारा जोडून घेणार.

जुनी_गॅली · रात्री १२:१५

मग रुग्णवाहिका मथळ्यातून काढा आणि पहिल्या ओळीत द्या. किंवा थांबा, ‘मारबत : फक्त रुग्णवाहिकांना वाट, महाल, इतवारीत रस्ते बंद’.

बंडू_रँकिंगवाला · रात्री १२:२०

यात नागपूर कुठंय?